बॉलकॉक रात्री गळतो, भरताना घूं घूं करतो. वायसर दोनदा बदलून झाला

चौथामजला
गच्चीवर १००० लीटरची गोल प्लास्टिकची टाकी आहे. पाणी थेट लाइनचं, दिवसरात्र येतं, मधे मोटर नाही. टाकीत अर्धा इंची पितळी बॉलकॉक आहे, आडव्या दांडीचा, टोकाला प्लास्टिकचा बॉल.

तक्रार एक: रात्री अकरा-साडेअकरानंतर ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब सुरू होतात, पहाटे बारीक धार लागते आणि सकाळी लोकांचे नळ सुरू झाले की आपोआप बंद. तक्रार दोन: टाकी भरत आली की शेवटची पंधरावीस मिनिटं पाइप घूंऽऽ घूंऽऽ करतो. आवाज भिंतीतून खालच्या मजल्यापर्यंत जातो.

वायसर दोनदा बदलला. पहिले तीन-चार दिवस बरं असतं, मग पुन्हा तेच. सगळा बॉलकॉक बदलायचा तर कोणता घ्यायचा? प्लास्टिकचा, पितळी की तो उभा येतो तो?

जुगाडू
काही बदलू नका. पितळी दांडी हाताने वाकते, बॉल चार बोटं खाली येईल इतकी वाकवा. पाणी ओव्हरफ्लोच्या खालीच थांबेल. आवाजासाठी टाकीच्या अलीकडचा गेट व्हॉल्व अर्धा बंद करा. तेवढ्याने प्रेशर कमी होतं, म्हणजे गळणंही थांबेल. दोन्ही कामं दहा मिनिटांची.

पानापक्कड
दांडी वाकवायच्या आधी तीन गोष्टी बघून सांगा. एकदा वाकवली की खुणा पुसल्या जातात.

पहिली. रात्री थेंब पडत असताना दांडी हाताने हलकेच वर उचला. हलक्या हाताने पाणी थांबलं तर आतला भाग ठीक आहे, दोष बॉलचा किंवा उंचीचा. जोर लावल्यावरच थांबलं तर बॉलची ताकद कमी पडते आहे. जोर लावूनही रिसतच राहिलं तर वायसर किंवा त्याची बैठक गेली आहे.

दुसरी. दिवसा टाकी भरून कॉक बंद असताना बॉल पाण्यात किती बुडालेला असतो आणि रात्री गळताना किती, हे दोन्ही वेळा बघा. मार्करने बॉलवर पाण्याच्या रेषेशी खूण करा.

तिसरी. काढलेले जुने वायसर टाकून दिले नसतील तर उजेडात धरून बघा. त्यावर नोझलच्या काठाची गोल खूण उमटलेली असेल. ती सगळीकडे सारखी आहे की कुठे तुटली आहे?

आणि बॉल काढून कानाशी हलवा. आत पाणी खळखळलं तर बाकीचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी बॉल बदला.

निशिगंधा
इथेच विचारते. आमची टाकी मोटरने भरते. बंद करायला विसरलं की तासभर पाणी वाहतं. असा बॉलकॉक बसवला तर टाकी भरल्यावर मोटर आपोआप बंद होईल ना?

जुगाडू
हो, पाणीच अडलं की मोटरवर लोड येऊन ती थांबते.

दाबमापक
थांबत नाही. निशिगंधाताई, हे कृपा करून करू नका. बॉलकॉक फक्त पाणी अडवतो, त्याला विजेशी देणंघेणं नाही. वाट बंद झाली तरी मोटर फिरतच राहते. पंपाच्या आतलं तेच पाणी घुसळून गरम होतं, सील जातं आणि पाइपात पंप देऊ शकेल तेवढा सगळा दाब साठून राहतो. कुठलातरी कच्चा सांधा त्यात सुटतो. लोड म्हणाल तर साध्या सेंट्रिफ्यूगल पंपाला तोंड बंद असताना उलट कमी करंट लागतो, त्यामुळे ओव्हरलोडही उडत नाही. म्हणजे मोटर थांबण्याची शक्यता आणखीच कमी.

तुम्हाला हवा आहे तो फ्लोट स्विच. टाकीत वायरला लटकणारा बोंडासारखा येतो, पाण्याबरोबर वर आला की स्टार्टरचा सप्लाय तोडतो. जोडणी वायरमनकडूनच करून घ्या. बोंडाची वायर पाण्यात असते, तिचा जोड टाकीत कधीही नको.

निशिगंधा
बरं झालं विचारलं. बॉलकॉक आणून ठेवला होता.

चौथामजला
पानापक्कड, रात्री साडेबाराला टॉर्च घेऊन वर गेलो. निरीक्षणं अशी:

हलक्या हाताने उचलली तर थेंब चालूच. चांगला जोर लावला की जवळजवळ थांबतं, तरी आठदहा सेकंदांनी एक थेंब येतोच.

बॉल दिवसा अर्धा बुडालेला असतो. रात्री पाऊणपर्यंत बुडाला होता आणि तेव्हा पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडाला लागलं होतं. बॉल आतून कोरडा आहे.

जुना एक वायसर सापडला. गोल खूण नीट दिसते, पण एका जागी त्या गोलातून बाहेरच्या कडेपर्यंत केसासारखी रेघ गेली आहे. आत्ता बसवलेला काढून बघितला, त्यावरही अशीच रेघ.

पानापक्कड
म्हणजे तुमच्याकडे दोन दोष एकावर एक बसले आहेत. म्हणून वायसर बदलून तीन-चार दिवसच बरं वाटतं.

रेघेचं आधी. दोन वेगळ्या वायसरांवर एकच खूण असेल तर दोष वायसरात नसतो. वायसर ज्या काठावर टेकतो त्या नोझलच्या काठाला खाच पडली आहे. बहुतेक कधीतरी अडकलेली रेती कुणीतरी स्क्रू ड्रायव्हरने टोकरून काढली असणार. नवा वायसर मऊ असतो, तो त्या खाचेत थोडा फुगून बसतो आणि गळती झाकतो. चार दिवसांत तिथलं रबर दबतं, खाचेतून पाण्याची सुईसारखी धार सुटते आणि तीच धार खाच आणखी खोल करत जाते. जोर लावूनही तो एक थेंब येतो, तो या खाचेतून.

आता रात्रीचं. बॉल किती बुडतो हा या कॉकचा ताणकाटाच आहे. जास्त बुडतो म्हणजे बंद राहायला जास्त जोर लागतो. दिवसा अर्ध्यात भागतं आणि रात्री पाऊण लागतो, याचा अर्थ रात्री लाइनचा दाब वाढतो. तुमच्याकडे प्रेशर गेज मिळत असेल तर दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा मोजा. आणि नोझलचं भोक किती मिलिमीटरचं आहे तेही.

दाबमापक
गेज टाकीजवळच्या टीवर लावा. तळमजल्याच्या नळावर मोजलंत तर आकडा फसवेल, कारण दर दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे साधारण एक किलो दाब कमी होतो. आणि पाणी वाहत असताना नको, कॉक बंद असताना मोजा.

चौथामजला
मोजलं. टाकीजवळ, कॉक हाताने बंद धरून: दुपारी १.५ किलो, रात्री दोन वाजता ४.५. इतका फरक असेल असं वाटलं नव्हतं. नोझलचं भोक १० मिमी. बॉल ११ सेंटिमीटर व्यासाचा. दांडी पिनेपासून बॉलच्या मध्यापर्यंत ३० सेंमी, आणि पिनेपासून पिस्टन ढकलणारं टोक अडीच सेंमी.

पानापक्कड
झकास, आता हिशेबच करता येतो.

भोक १० मिमी म्हणजे क्षेत्रफळ जेमतेम ०.८ चौरस सेंमी. दुपारी दीड किलोला पाणी पिस्टनला साधारण १.२ किलोच्या जोराने मागे ढकलतं. रात्री साडेचारला तोच जोर ३.५ किलो होतो. शिवाय वायसर काठावर दाबून बसवायला वेगळा जोर लागतो, तो धरा किलोभर. म्हणजे दुपारची गरज सव्वादोन किलोच्या आसपास, रात्रीची साडेचार.

आता बॉल काय देतो ते. ११ सेंमीच्या बॉलचं आकारमान सुमारे ७०० घनसेंमी. अर्धा बुडाला की पाणी त्याला ३५० ग्रॅमने उचलतं, त्यातून बॉलचं आणि दांडीचं वजन मिळून दीडशे ग्रॅम गेले, उरले २००. दांडीची तरफ बारापट आहे, म्हणून पिस्टनवर २.४ किलो. दुपारी भागतं ते यामुळे. पाऊण उंचीपर्यंत बुडाला की बॉलचा बराचसा भाग पाण्याखाली जातो, सुमारे ५९० घनसेंमी. तेव्हा पिस्टनवर सव्वापाच किलो येतात. रात्रीच्या साडेचार किलोंना ते खरं तर पुरायला हवेत. पण खाच बुजवायला वायसर जास्त दाबावा लागतो, आणि आणखी जोर यायला बॉल आणखी बुडायला हवा. त्याआधीच पाणी ओव्हरफ्लोला लागलेलं असतं.

उपाय हिशेबातच आहे. भोक ५ मिमीचं घेतलं तर क्षेत्रफळ चौपट कमी, ०.२ चौरस सेंमी. रात्री साडेचार किलोलाही पाणी फक्त ०.९ किलोने ढकलेल. जास्त दाबाचं नोझल मागा. अनेक पितळी कॉकमध्ये नोझल हा सुटा नायलॉनचा तुकडा असतो, तेवढाच बदलतो. खाचेचा प्रश्नही त्याच कामात सुटतो.

जुगाडू
एवढं गणित करून शेवटी मी सांगितलं तेच होतंय. दांडी खाली वाकवली की बॉल पूर्ण बुडेपर्यंत पाणी ओव्हरफ्लोला लागणारच नाही. पूर्ण बुडाला तर साडेसहा किलो येतील तुमच्याच हिशेबाने. झालं की काम.

पानापक्कड
तुमचं बरोबर आहे, वाकवल्याने थेंब थांबेलही. पण तीन गोष्टी लक्षात घ्या. टाकीचा व्यास मीटरभर धरला तर पाच सेंटिमीटर पातळी खाली गेली की ४० लीटर साठा कमी झाला. खाच तशीच राहते आणि रोज रात्री वायसर तिच्यावर जास्त जोराने चेपला जातो. तिसरी गोष्ट आवाजाची. बॉल जितका जास्त बुडवून कॉक बंद होतो, तितका शेवटचा टप्पा लांबतो. पाणी शेवटचे काही सेंटिमीटर बारीक धारेने चढत राहतं, आणि यांचा घूं घूं नेमका त्याच टप्प्यात होतो. आज वीस मिनिटं होतो, उद्या पाऊण तास होईल.

वाकवायचीच असेल तर एका हाताने कॉकचं अंग धरा आणि दुसऱ्याने दांडी वाकवा. नुसती दांडी धरून जोर दिला तर तो टाकीच्या भिंतीवर जातो आणि निपलपाशी चीर पडते. प्लास्टिकची दांडी वाकवू नका, तुटते. तिला उंचीसाठी स्क्रू दिलेला असतो.

दाबमापक
जुगाडू, तुमच्या गेट व्हॉल्वबद्दल राहिलंच. अर्धा बंद केलेला व्हॉल्व वाहत्या पाण्याचा दाब खातो, थांबलेल्या पाण्याचा नाही. रात्री कॉकमधून थेंब थेंब जातंय, म्हणजे पाणी जवळजवळ थांबलेलंच आहे. अशा वेळी व्हॉल्व एक अष्टमांश उघडा ठेवला तरी पलीकडे पूर्ण साडेचार किलोच पोचतात. चौथामजला, तुमचं गेज लावलेलंच असेल तर व्हॉल्व थोडा फिरवून बघा. काटा तुमच्यासमोर हळूहळू चढेल. गळतीवर याचा उपयोग शून्य. आवाजावर मात्र होतो, कारण तेव्हा पाणी वाहत असतं.

गेट व्हॉल्व अर्धवट ठेवून वर्षानुवर्षं चालवणंही बरं नाही. आतली पाती थरथरते आणि नंतर पूर्ण बंद होत नाही. ज्या दिवशी दुरुस्तीसाठी खरोखर बंद करायचा असतो, नेमका त्या दिवशी दगा देतो.

नोझलबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. दाब दिवसा दीड आणि रात्री साडेचार असा हलत असेल तर छोटं भोक ही तडजोड आहे. अशा लाइनला समतोल बॉलकॉक घ्यावा. त्यात पिस्टनला आरपार छिद्र असतं आणि लाइनचा दाब पिस्टनच्या मागच्या बाजूलाही पोचतो. दोन्हीकडून सारखा ढकलला गेल्यामुळे बॉलला दाबाशी झुंजावं लागत नाही, फक्त वायसर बसवावा लागतो. भोक मोठं ठेवता येतं, टाकी लवकर भरते आणि आवाजही कमी.

पानापक्कड
मान्य, पण त्याला पाणी स्वच्छ लागतं. पिस्टनच्या मागचं रबरी सील क्षाराने खरखरीत झालं की पाणी मागच्या टोकातून गळायला लागतं, आणि ते सुटं सील सगळीकडे मिळत नाही. ज्यांच्या टाकीच्या तळाशी बोटभर गाळ बसतो त्यांना मी तो सुचवणार नाही. साधा पिस्टनवाला गडी वाईट वागला तरी पक्कड आणि वायसरवर बरा होतो.

चौथामजला
छोट्या भोकाने टाकी भरायला किती वेळ लागेल?

दाबमापक
५ मिमीला दीड किलोवर मिनिटाला तेरा लीटरच्या आसपास धरा. रिकामी टाकी सव्वा तासात भरायला हवी, पाइपातली घट धरून दीड-दोन तास. तुमचं पाणी दिवसरात्र असतं, चालेल. पण कुणी वाचत असेल आणि त्यांच्याकडे पाणी दोनच तास आणि मंद दाबाने येत असेल, तर हे नोझल लावू नका. दाब ०.२ किलो असेल तर मिनिटाला पाच लीटरही मिळत नाहीत, दोन तासांत टाकी निम्मीच. तिथे मोठं भोकच हवं.

चौथामजला
आणि सुरुवातीचा प्रश्न राहिला. तो उभा येतो तो आणि प्लास्टिकचा पडद्याचा, त्यांचं काय?

पानापक्कड
पडद्याच्या कॉकमध्ये पिस्टनऐवजी रबरी चकती नोझलवर दाबली जाते. घासणारे भाग पाण्यापासून वेगळे राहतात, त्यामुळे क्षाराच्या पाण्यात पिस्टन अडकतो तसा तो अडकत नाही. पाणीही बहुतेक वरून बाहेर पडतं, म्हणून आवाज कमी. चकती मात्र जास्त दाबाला खोल दबते आणि मधोमध खळगा पडतो. उलटी करून बसवली की काही महिने पुन्हा चालते.

उभा किंवा झटका व्हॉल्व वेगळ्या तत्त्वाचा. त्यातला छोटा बॉल फक्त सुईइतकं छिद्र उघडतो-मिटतो, मुख्य पडदा लाइनचाच दाब हलवतो. म्हणून तो एकदम पूर्ण उघडतो आणि एकदम बंद होतो, मधला बारीक धारेचा टप्पाच नाही. घूं घूं जातो. पण एकदम बंद झाल्यावर पाइपात धाड असा दणका बसू शकतो, आणि ते छिद्र एका रेतीच्या कणाने तुंबतं. तुंबलं की कॉक एकतर बंद होत नाही किंवा उघडत नाही. पुढे जाळी लावल्याशिवाय घेऊ नका, आणि मंद दाबाच्या लाइनला घेऊच नका.

ओसरी
आमच्याकडे दोन टाक्या शेजारी शेजारी आहेत, खालून पाइपाने जोडलेल्या. बॉलकॉक एकीत आहे आणि तो घट्ट बंद होतो, तोंड बोटाने चाचपलं तर कोरडं. तरी दुसरी टाकी रोज वाहते. वायसर बदलू का?

पानापक्कड
कोरडं असेल तर वायसराचा काही दोष नाही. जोडलेल्या टाक्यांत पाणी एकाच पातळीला येतं. दोघींचे तळ सारखे ठेवलेत की ओव्हरफ्लोची तोंडं, ते बघा. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही ओव्हरफ्लोंची उंची मिळवा. दुसरीचं तोंड तीन सेंमी जरी खाली असलं, तरी पहिलीचा कॉक बंद व्हायच्या आधी ती वाहणार. कॉकची पातळी खालच्या ओव्हरफ्लोच्या दोन-तीन सेंमी खाली उतरवा. इथे दांडी वाकवणं हाच योग्य उपाय आहे, जुगाडू खूश होतील.

ओसरी
पण ती भरताना वाहत नाही, पहाटे वाहते. आणि पाणी किंचित कोमट असतं.

दाबमापक
मग मामला वेगळा आहे. गच्चीवर सोलर आहे का? कोमट पाणी उलट वाटेने टाकीत येत असणार. सोलरला गार पाणी देणाऱ्या पाइपावरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व बघा. किंवा एखाद्या मिक्सर नळात गार आणि गरम या दोन लाइनी वेगवेगळ्या दाबाच्या असतील आणि तो आतून गळत असेल. रात्री एकेक मिक्सरच्या खालच्या दोन्ही कॉन्सील्ड चाव्या बंद करून सकाळी ओव्हरफ्लो बघा. ज्या रात्री थांबेल तो मिक्सर गुन्हेगार.

ओसरी
सोलर आहे. बघून सांगतो.

चौथामजला
नायलॉनचं ५ मिमीचं नोझल मिळालं. बसवताना क्रम काय ठेवू? मागच्या वेळी पिस्टनचं टोपण उघडलंच नाही, वायसर बाजूने कोंबून बसवला होता.

पानापक्कड
तो बाजूने कोंबलेला वायसर कधी सपाट बसत नाही, हेही एक कारण असेल.

गेट व्हॉल्व बंद करा आणि दांडी खाली दाबून पाणी खरंच थांबलंय ना ते बघा. दुतोंडी पिनेचे पाय पक्कडीने सरळ करून ती ओढून काढा. दुसऱ्या हातात बॉल धरा, नाहीतर दांडी पाण्यात जाते. पिस्टनच्या मागचं टोपण असेल तर तेही काढा. पिस्टन खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून बाहेर सरकवा.

पिस्टनचे दोन भाग असतात. पुढचं टोपण आट्यांचं असतं आणि क्षाराने धरलेलं. ते पक्कडीने चेचू नका. पिस्टनच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर आडवा घालून तो भाग धरा, टोपणाभोवती कापड गुंडाळा आणि मग पक्कडीने फिरवा. हटलंच नाही तर अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवा. वायसर टोपणात सैल नको, घट्टही नको. बोटाने दाबून सपाट बसला पाहिजे.

नोझल काढायला कॉकचं अंग मधल्या नटापाशी उघडावं लागतं. टाकीच्या भिंतीतला नट नाही, त्याच्या आतला. एक पाना भिंतीकडच्या नटावर धरून ठेवा आणि दुसऱ्याने उघडा. नवं नोझल बसवण्याआधी व्हॉल्व दोन सेकंद उघडून पाणी बादलीत सोडा. पाइपात पडलेली रेती आत्ताच बाहेर येऊ दे, नाहीतर पहिल्याच रात्री ती नव्या वायसराखाली सापडेल. पिस्टन आणि त्याची नळी बारीक पॉलिश पेपरने कोरडी घासा. ग्रीस नको, ते पिण्याचं पाणी आहे.

चौथामजला
आणि घूं घूं?

पानापक्कड
त्याची परीक्षा सोपी. आवाज चालू असताना बॉल हाताने स्थिर धरा. आवाज ताबडतोब थांबला तर बॉल लाटांवर नाचतोय. पडणाऱ्या पाण्याने लाटा उठतात, बॉल हलतो, पिस्टन उघडझाप करतो, त्या प्रत्येक झटक्याचा ठोका पाइपात मागे जातो. ठोके इतके भरभर पडतात की आपल्याला सलग घूं ऐकू येतो.

उपाय म्हणजे बॉलला पाण्यात धरून ठेवणं. प्लास्टिकचा छोटा डबा घ्या, तळाला दोन-तीन भोकं पाडा आणि बॉलजवळ दांडीला नायलॉनच्या दोरीने असा टांगा की तो कायम पाण्याखाली राहील. त्यात भरलेलं पाणी बॉलला झटकन वर-खाली होऊ देत नाही. लोखंडी तार नको, गंजते. डबा टाकीच्या भिंतीला किंवा ओव्हरफ्लोच्या तोंडाला घासणार नाही एवढं बघा.

आणि प्लास्टिकच्या टाकीची भिंत ढोलासारखी असते. कॉक जिथून आत शिरतो तिथे आतून-बाहेरून हाताच्या पंजाएवढी जाड पट्टी नटाखाली घालून आवळा, आणि बाहेरचा शेवटचा मीटरभर पाइप भिंतीला किंवा अँगलला क्लॅम्प करा.

जुगाडू
कॉकच्या तोंडाला पाइप लावून तो पार टाकीच्या तळापर्यंत सोडला तर? पाणी पडणारच नाही, लाटाच नाहीत. आवाज एकदम बंद होतो, बघितलंय.

दाबमापक
आवाज बंद होतो हे खरं. पण लाइनमधलं पाणी गेलं आणि खाली कुणी नळ उघडला, की तोच पाइप सायफन होऊन टाकीतलं पाणी लाइनमध्ये परत ओढतो. टाकीतली घाण सगळ्यांच्या पिण्याच्या पाण्यात. लावायचाच असेल तर पातळ प्लास्टिकची चपटी होणारी पिशवीनळी लावा, ओढ बसली की ती मिटते. कडक पाइप असेल तर ओव्हरफ्लोच्या वर त्याला हवेचं भोक हवं, आणि ते क्षाराने बुजत नाही ना हे अधूनमधून बघायला हवं. मी तर लावणारच नाही.

पानापक्कड
भोक बोटाएवढं मोठं ठेवलं तर बुजत नाही. पण पाणी तिथूनच उडतं आणि अर्धा आवाज परत येतो. दोघांचं थोडं थोडं खरं.

चौथामजला
नोझल, वायसर, पट्टी, डबा सगळं करून आठ दिवस झाले.

ओव्हरफ्लो आठही दिवस कोरडा. रात्री दोनला बॉल अर्ध्याहून थोडा कमी बुडालेला असतो, पूर्वी दिवसा असायचा जवळपास तिथेच. टाकी भरायला पावणेदोन तास लागतात. घूं घूं पूर्ण गेला. डबा काढून बघितला तर किंचित परत आला, म्हणजे त्याचा उपयोग आहे.

पण आता रात्री भरताना बारीक सुंईऽऽ अशी शिट्टी येते. घूं घूंएवढी नाही, पण खालच्या खोलीत ऐकू येते. बॉल धरला तरी थांबत नाही.

दाबमापक
ती भोकाचीच. साडेचार किलो दाबाचं पाणी ५ मिमीतून सेकंदाला जवळपास तीस मीटर वेगाने सुटतं, ते शिट्टी वाजवणारच. आता गेट व्हॉल्व थोडा आवळून बघा, इथे तो खरोखर कामाला येईल. नाही गेली तर माझा समतोल कॉक आहेच.

पानापक्कड
व्हॉल्व आवळायच्या आधी वायसरचा वरचा काठ बघा. तो टोपणातून केसभर बाहेर आला असेल तर धारेत फडफडतो आणि नेमकी अशीच शिट्टी येते. काठ टोपणाच्या पातळीला आणा आणि पुन्हा ऐका. नोझलची असेल तर रात्री तीव्र आणि दिवसा जवळपास नाही. वायसरची असेल तर दिवसाही बारीक येते.

चौथामजला
दिवसा कान लावून ऐकलं नाही कधी. उद्या दुपारी टाकी थोडी रिकामी करून बघतो.

ओसरी
सोलरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व उघडला. पाती उघडीच अडकलेली, मागे क्षाराचा खडा. साफ केली, दोन दिवस टाकी वाहिलेली नाही. मिक्सर अजून तपासलेले नाहीत.